दोन मृत्यू, १८,७९० व्यक्ती-वर्षे: एका रिपोर्ट टेम्प्लेटच्या नोंदी

३ जून

आमच्या कोहॉर्टचा डेटा लॉक व्हायला अजून महिना आहे. तोवर विश्लेषणाची स्क्रिप्ट लिहून बंद करायची, म्हणजे आकडे पाहून पद्धत बदलण्याचा मोह कुणालाच होणार नाही, असं मॅडमनी ठरवलं आहे. मला ते पटतं. अडचण एकच. स्क्रिप्ट तपासायला डेटा हवा आणि आपला तर उघडायचा नाही.

म्हणून जुना, छापलेला आणि अनेकांनी घोटलेला तक्ता घेतला: रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा ब्रिटिश डॉक्टरांचा अभ्यास. १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना धूम्रपानाबद्दल प्रश्नावली पाठवली आणि पुढे कोण कशाने मरण पावतं याची नोंद ठेवली. त्यातल्या पुरुष डॉक्टरांचे पहिल्या दहा वर्षांतले कोरोनरी हृदयविकाराचे मृत्यू वयोगटांनुसार असे आहेत:

| वय | धूम्रपान करणारे: मृत्यू | व्यक्ती-वर्षे | न करणारे: मृत्यू | व्यक्ती-वर्षे |
|---|---|---|---|---|
| ३५–४४ | ३२ | ५२,४०७ | २ | १८,७९० |
| ४५–५४ | १०४ | ४३,२४८ | १२ | १०,६७३ |
| ५५–६४ | २०६ | २८,६१२ | २८ | ५,७१० |
| ६५–७४ | १८६ | १२,६६३ | २८ | २,५८५ |
| ७५–८४ | १०२ | ५,३१७ | ३१ | १,४६२ |
| एकूण | ६३० | १,४२,२४७ | १०१ | ३९,२२० |

आमच्याकडे सिगारेट कमी आणि मिश्री-तंबाखू जास्त, पण तक्त्याचा सांगाडा हाच असणार. माझी नजर पहिल्याच ओळीतल्या त्या २ वर अडकली. टेम्प्लेट मोडलं तर तिथेच मोडेल.

४ जून

आजचा दिवस भाजकात, म्हणजे प्रत्येक माणूस किती वर्षं आपल्या नजरेखाली होता त्या बेरजेत, गेला. मृत्यू मोजणं त्या मानाने सोपं असतं. चुका होतात त्या बहुतेक व्यक्ती-वर्षांत.

ज्युनियरने आमच्या डमी डेटावर पहिली स्क्रिप्ट लिहिली होती. तिच्यात प्रत्येक माणूस सुरुवातीच्या वयोगटातच शेवटपर्यंत राहत होता. कागदावर एक उदाहरण काढून दाखवलं. समजा, १ मे १९०९ रोजी जन्मलेला एक डॉक्टर. १ नोव्हेंबर १९५१ ला गणना सुरू झाली तेव्हा त्याचं वय साडेबेचाळीस. १ मे १९५४ ला तो ४५ चा झाला. १ ऑगस्ट १९५८ ला त्याचा मृत्यू झाला. त्याची एकूण पावणेसात वर्षं आपल्याकडे जमा आहेत. त्यातली अडीच ३५–४४ च्या खात्यात जातात, सव्वाचार ४५–५४ च्या खात्यात, आणि मृत्यूही ४५–५४ मध्येच पडतो. ज्युनियरच्या स्क्रिप्टने सगळी पावणेसात वर्षं आणि मृत्यू ३५–४४ मध्ये टाकला होता. अशा चुकीने तरुण गटाचा दर फुगतो, कारण त्यात म्हाताऱ्यांचे मृत्यू शिरतात. बेरीज मात्र अगदी बरोबर येते, त्यामुळे ही चूक एकूण आकड्यांवरून कधीच पकडता येत नाही.

दुसरी गोष्ट, संपर्क तुटलेली माणसं. डॉल आणि हिल यांना मृत्यूची माहिती सरकारी मृत्यूनोंदणीतून मिळत होती, त्यामुळे डॉक्टर पत्राला उत्तर देवो न देवो, तो वारला तर कळत असे. आमच्याकडे तशी सोय नाही. जो माणूस गाव सोडून गेला, त्याची वर्षं शेवटच्या भेटीच्या तारखेपर्यंतच धरायची. अभ्यास संपेपर्यंत धरली तर तो मेला तरी आपल्याला कळलं नसतं असा काळही भाजकात येतो आणि दर फुकट कमी दिसतो.

दिवसांना ३६५.२५ ने भागायचं, आणि ते एकाच ठिकाणी, एकदाच. मागच्या प्रकल्पात दोन फाइलींत दोन वेगळे भागाकार होते. शोधायला आठवडा गेला होता.

६ जून

आता त्या २ कडे.

दर: २ भागिले १८,७९०, म्हणजे दर १,००० व्यक्ती-वर्षांमागे ०.१०६. हा आकडा एकटा छापला तर वाचणाऱ्याला तो १,००० मृत्यूंवरून आलाय की दोनांवरून हे कळत नाही. म्हणून इंटरव्हल, म्हणजे खरा दर कुठून कुठपर्यंत असू शकतो ती ९५% ची हद्द.

पाठ्यपुस्तकातला पहिला मार्ग सगळ्यांच्या हातात बसलेला असतो: मृत्यूंची संख्या, अधिक-उणे १.९६ गुणिले तिचं वर्गमूळ. दोनाचं वर्गमूळ १.४१, त्याच्या १.९६ पट म्हणजे २.७७. इंटरव्हल उणे ०.७७ ते ४.७७ मृत्यू. दरात उणे ०.०४१ ते ०.२५४. उणे मृत्यूदर! काही जण अशा वेळी खालची बाजू शून्यावर कापतात आणि पुढे जातात. पण खालचं टोक हास्यास्पद आलं म्हणजे वरचंही बिघडलेलंच असतं, ते फक्त डोळ्यात खुपत नाही.

मृत्यूंची संख्या पॉयसन धरली तर अचूक टोकं काढता येतात. हे काम फ्रँक गारवूडने १९३६ मध्येच करून ठेवलं आहे. कल्पना अशी: खरी सरासरी किती मोठी असली तर २ किंवा त्याहून कमी मृत्यू दिसण्याची शक्यता घटून फक्त २.५% उरेल? ते वरचं टोक. आणि खरी सरासरी किती लहान असली तर २ किंवा त्याहून जास्त दिसण्याची शक्यता २.५% च उरेल? ते खालचं. दोन मृत्यूंसाठी उत्तर ०.२४२ आणि ७.२२५. काय-वर्ग वितरणातून हे थेट मिळतं:

```r
pois_ci <- function(d, py, per = 1000, a = 0.05) {
  lo <- if (d == 0) 0 else qchisq(a/2, 2*d)/2
  hi <- qchisq(1 - a/2, 2*(d + 1))/2
  per * c(rate = d, lo = lo, hi = hi) / py
}
pois_ci(2, 18790)
```

उत्तर: ०.१०६ (०.०१३ ते ०.३८४). म्हणजे वरचं टोक ०.२५४ नव्हे, त्याच्या दीडपट. वर्गमूळाच्या पद्धतीने अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी वाटली होती. प्रत्यक्षात ती वरच्या अंगाला खूप लांब आहे, आणि दोनच मृत्यू पाहिल्यावर ते तसंच असायला हवं.

धूम्रपान करणाऱ्यांचे ३२ मृत्यू घेतले तर ०.६११ (०.४१८ ते ०.८६२). एकूण ६३० मृत्यूंवर ४.४३ (४.०९ ते ४.७९). तिथे दोन्ही पद्धतींत फरक शोधावा लागतो. त्यामुळे मॅडमनी विचारलं, "मग मोठ्या आकड्यांना सोपी पद्धत वापरू या का?" मी म्हटलं, नको. एकाच तक्त्यात दोन पद्धती ठेवल्या तर सीमारेषा कुठे हे प्रत्येक परीक्षकाला समजावत बसावं लागेल, आणि संगणकाला कष्ट सारखेच पडतात.

९ जून

आज एक चूक सापडली, आणि ती इतकी साळसूद आहे की नोंदवून ठेवतो.

मॅडमना दर १,००,००० मागे हवे होते. ज्युनियरने दर काढला: १०.६४. मग विचार केला, की १,००,००० व्यक्ती-वर्षांत १०.६४ मृत्यू, म्हणजे साधारण ११, आणि फंक्शनला ११ आणि १,००,००० दिले. इंटरव्हल आला ५.४९ ते १९.६८. दिसायला सुबक, आणि साफ खोटा. खरा इंटरव्हल १.२९ ते ३८.४५ आहे.

झालं असं की त्याने नऊ मृत्यू मनाने निर्माण केले. इंटरव्हलची रुंदी प्रत्यक्ष मोजलेल्या घटनांवरून ठरते. दर कशाच्या मागे छापायचा हे नंतरचं, फक्त गुणाकाराचं काम. आधी मृत्यू आणि व्यक्ती-वर्षं आहेत तशी द्यायची, टोकं काढायची, आणि मगच तिन्ही आकड्यांना १,००,००० ने गुणायचं.

हे बाहेरून ओळखायचं कसं, असं त्याने विचारलं. उपाय सोपा आहे. वरचं टोक भागिले दर हे गुणोत्तर पाहायचं. दोन मृत्यूंसाठी ते नेहमी सुमारे ३.६ येतं, भाजक काहीही असो. त्याचं आलं होतं १.८, जे सुमारे अकरा घटनांचं असतं. कुणाच्या लेखात घटनांची संख्या दिलेली नसेल, तर या युक्तीने ती उलटी काढता येते. मी ती परीक्षक म्हणून बऱ्याचदा वापरली आहे.

१० जून

शून्य मृत्यूंचा कप्पा तपासला. खालचं टोक ०, वरचं ३.६९ मृत्यू. ज्युनियर म्हणाला, "सर, तीनचा नियम आहे ना?" आहे, पण तो एकाच बाजूच्या ९५% चा. आपला तक्ता दोन्ही बाजूंचा, म्हणून प्रत्येक टोकाला २.५%, म्हणून ३.६९. डॉक्टरांच्या तक्त्यात त्या दोनाऐवजी शून्य असतं तरी दर १,००० मागे ०.१९६ पर्यंतचा मृत्यूदर नाकारता आला नसता. कप्प्यात "–" छापायचं नाही. "० (० ते ०.१९६)" छापायचं.

१३ जून

दोन दरांची तुलना. ३५–४४ मध्ये ०.६११ भागिले ०.१०६, म्हणजे ५.७४ पट. इंटरव्हल काय?

इथली अचूक पद्धत मला फार आवडते, कारण ती कुणालाही बोलून सांगता येते. या वयोगटात दोन्ही बाजू मिळून ३४ मृत्यू झाले. एकूण व्यक्ती-वर्षांपैकी ७३.६% धूम्रपान करणाऱ्यांची. जर दोन्ही दर सारखेच असते, तर प्रत्येक मृत्यू म्हणजे ७३.६% वजन एका बाजूला असलेल्या नाण्याची एक फेक. ३४ फेकींत न करणाऱ्यांच्या वाट्याला सरासरी ९ मृत्यू यायला हवे होते. आले २. म्हणजे दोन पॉयसन संख्यांचा प्रश्न एका द्विपद संख्येचा झाला, आणि द्विपदासाठी क्लॉपर आणि पिअर्सन यांची १९३४ ची अचूक टोकं तयार आहेत. ३४ पैकी ३२ या प्रमाणाची टोकं ०.८०३ आणि ०.९९३ येतात. ती पुन्हा गुणोत्तरात बदलायची: ०.८०३ भागिले ०.१९७, गुणिले १८,७९० भागिले ५२,४०७. उत्तर १.४६. वरच्या टोकाला तसंच केलं की ४९.४.

```r
poisson.test(c(32, 2), c(52407, 18790))
```

एका ओळीत तेच: ५.७४ (१.४६ ते ४९.४), पी ०.००५३.

हाताने शेपूट मोजून दुप्पट केलं तेव्हा मला ०.००५१ आलं होतं, आणि अर्धा तास चूक शोधण्यात गेला. चूक नव्हती. आर इथे पी काढताना दुसऱ्या बाजूच्या, पाहिलेल्या निकालाइतक्या किंवा त्याहून कमी शक्यतेच्या निकालांची बेरीज घेतं; इंटरव्हल मात्र दोन्ही बाजूंना २.५% ठेवून काढतं. नियम दोन असल्यामुळे कधी काळी पी ०.०५ च्या आत आणि इंटरव्हलमध्ये १ असं विचित्र दृश्य दिसू शकतं. टेम्प्लेटमध्ये पी दुप्पट करूनच काढायचा ठरवलं, म्हणजे तो इंटरव्हलशी भांडणार नाही.

मॅडमचा आक्षेप ४९.४ वर होता. "एवढा रुंद इंटरव्हल छापला तर लोक हसतील." मी म्हटलं, हसू देत, दोन मृत्यूंवर याहून जास्त कुणालाच माहीत नाही. हे मात्र मान्य केलं की "अचूक" या शब्दाचा अर्थ "किमान ९५%" असा आहे. मृत्यू पूर्ण संख्येतच येतात, त्यामुळे प्रत्यक्षात या टोकांची पकड ९५ पेक्षा जास्तच असते, आणि लहान आकड्यांना ती बरीच जास्त. पाहिलेल्या निकालाची अर्धीच शक्यता धरणारी मिड-पी पद्धत थोडी कमी सैल आहे. दोन मृत्यूंसाठी ती ०.२४ ते ७.२२ ऐवजी ०.३४ ते ६.६१ देते. पण तिची किमान ९५% ची हमी नाही. मुख्य तक्त्यात अचूक टोकंच ठेवू.

१६ जून

४५–५४ ने आज छान धडा दिला.

धूम्रपान करणारे: २.४० (१.९६ ते २.९१). न करणारे: १.१२ (०.५८ ते १.९६). एकाचं खालचं टोक आणि दुसऱ्याचं वरचं, दोन्ही १.९६! तीन दशांश घेतले तर १.९६५ आणि १.९६४, म्हणजे केसाएवढी फट. ज्युनियरचा निष्कर्ष: "सर, जेमतेम सिग्निफिकंट."

जेमतेम अजिबात नाही. दोन दरांचं गुणोत्तर २.१४ (१.१७ ते ४.२७) येतं. खालचं टोक १ पासून बऱ्यापैकी दूर आहे. दोन स्वतंत्र इंटरव्हल एकमेकांना न भिडणं ही तुलनेची फार कडक कसोटी आहे, कारण ते भिडतात तिथे दर सारखे असायला दोन्ही दर एकाच वेळी आपापल्या वाईट टोकाला, तेही एकमेकांच्या दिशेने, असायला हवेत. इंटरव्हल वेगवेगळे असतील तर दर वेगळे आहेत असं म्हणायला हरकत नाही. पण ते एकमेकांवर चढले म्हणून दर सारखे, असं म्हणता येत नाही. आलेखात दोन दांड्यांच्या मिशा पाहून निकाल देणाऱ्यांसाठी आम्ही गुणोत्तराचा वेगळा रकाना ठेवला आहे.

२० जून

पालखीमुळे रस्ते बंद, घरूनच काम. पाऊसही आहे. शांतपणे पाचही ओळी एकत्र जोडायला बरा दिवस.

एकूण बेरजेवरून गुणोत्तर १.७२ (१.३९ ते २.१४). हाच आकडा पुढे घेऊन जाणं फार सोपं आहे, आणि चुकीचं. भाजक पाहिले की कारण दिसतं. न करणाऱ्यांच्या व्यक्ती-वर्षांपैकी ४८% वर्षं ३५–४४ या तरुण वयोगटातली आहेत, करणाऱ्यांची ३७%. म्हणजे धूम्रपान करणारे डॉक्टर सरासरीने म्हातारे होते, आणि ७५–८४ मधला मृत्यूदर ३५–४४ च्या कित्येक पट आहे. १.७२ मधला काही भाग सिगारेटचा नाही, वयाचा आहे.

मँटेल आणि हेन्झेल यांची १९५९ ची युक्ती व्यक्ती-वर्षांसाठी थोडी बदलून वापरायची. प्रत्येक वयोगटात एका बाजूचे मृत्यू दुसऱ्या बाजूच्या व्यक्ती-वर्षांनी गुणायचे आणि त्या वयोगटाच्या एकूण व्यक्ती-वर्षांनी भागायचे. ३५–४४ साठी:

३२ × १८,७९० ÷ ७१,१९७ = ८.४५, आणि २ × ५२,४०७ ÷ ७१,१९७ = १.४७.

पाचही वयोगटांच्या बेरजा ११६.८ आणि ८२.०. भागाकार १.४२, इंटरव्हल १.१५ ते १.७६. वय बाजूला काढल्यावर १.७२ चं १.४२ झालं.

पण या बेरजांकडे पाहताना आणखी काहीतरी दिसलं. ८२.० मध्ये पहिल्या वयोगटाचा वाटा फक्त १.४७. म्हणजे ५.७४ पट हा सगळ्यात मोठा फरक सरासरीत जवळपास बुडून गेला, आणि शेवटच्या तीन वयोगटांनी मिळून ७०.९ चं वजन टाकलं. पद्धत बरोबरच वागते आहे, दोन मृत्यूंना जास्त वजन देणं वेडेपणाचं झालं असतं. तरी १.४२ ही कुणाची गोष्ट आहे? पस्तिशीच्या डॉक्टरची तर नाहीच.

एक मर्यादाही लिहून ठेवतो. दहा वर्षांचा वयोगट रुंद असतो. ३५ आणि ४४ मधला धोका सारखा नाही, आणि एकाच गटात करणारे ४२ च्या आसपास व न करणारे ३८ च्या आसपास जमलेले असू शकतात. गटातल्या गटात धोका बदलता असला तरी मृत्यूंची बेरीज पॉयसनच राहते, त्यामुळे प्रत्येक दराचा इंटरव्हल बिघडत नाही. बिघडते ती तुलना. आमच्या डेटात पाच वर्षांचे गट ठेवणार.

२३ जून

आजची नोंद या प्रकल्पातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पाच गुणोत्तरं एकाखाली एक लिहिली, शेजारी दरांतला फरक, दर १,००० व्यक्ती-वर्षांमागे:

| वय | गुणोत्तर (अचूक ९५%) | फरक |
|---|---|---|
| ३५–४४ | ५.७४ (१.४६ ते ४९.४) | ०.५० |
| ४५–५४ | २.१४ (१.१७ ते ४.२७) | १.२८ |
| ५५–६४ | १.४७ (०.९९ ते २.२६) | २.३० |
| ६५–७४ | १.३६ (०.९१ ते २.१०) | ३.८६ |
| ७५–८४ | ०.९० (०.६० ते १.४०) | −२.०२ |

डावा रकाना पाहून वाटतं की वय वाढेल तसं धूम्रपानाचं नुकसान ओसरतं. उजवा रकाना पहिल्या चार ओळींत नेमकं उलटं सांगतो: ६५–७४ मध्ये दर १,००० डॉक्टर-वर्षांमागे जवळपास चार जादा मृत्यू, ३५–४४ मध्ये अर्धा. दोन्ही खरे आहेत. तरुणपणी न करणाऱ्यांचा दर इतका कमी असतो की थोडी भरही कित्येक पट दिसते; म्हातारपणी मुळातला दर मोठा, त्यामुळे बरीच भर पडूनही पट लहान राहते.

पाच गुणोत्तरं एकच आहेत असं धरता येईल का, याची काय-वर्ग चाचणी: १०.४१, मुक्तांश ४, पी ०.०३४. नाही धरता येत. म्हणून १.४२ हा एकटा आकडा टेम्प्लेटच्या पहिल्या पानावर येणार नाही. वयोगटांचा तक्ता येईल आणि १.४२ त्याखाली, बारीक अक्षरात.

शेवटच्या ओळीवर मॅडम थांबल्या. "पंच्याहत्तरीनंतर सिगारेट फायद्याची?" त्या गटात न करणाऱ्यांचे ३१ मृत्यू, १,४६२ वर्षांत. फरकाचा साधा इंटरव्हल उणे १०.४ ते अधिक ६.३ येतो. म्हणजे सहाने नुकसान ते दहाने फायदा, यातलं काहीही या आकड्यांशी जुळतं. शिवाय पंच्याहत्तरीपर्यंत धूम्रपान करत पोचलेला माणूस हा आधीच चाळणीतून उरलेला असतो. त्या ओळीबद्दल रिपोर्टमध्ये विधान करायचं नाही, आकडे छापायचे.

२५ जून

पॉयसन रिग्रेशन लावून मँटेल-हेन्झेलशी ताडून पाहिलं.

```r
glm(d ~ smoke + age + offset(log(py)),
    family = poisson, data = dh)
```

ज्युनियरने पहिल्यांदा `offset(py)` लिहिलं होतं, `log` शिवाय. मॉडेल कोसळलं, हे नशीबच. व्यक्ती-वर्षं शेकड्यांत लहान असती तर ते मुकाट्याने चाललं असतं आणि उत्तर कचरा आलं असतं. दुसरी तपासणी: `age` हा संख्या म्हणून गेला की फॅक्टर म्हणून. संख्या म्हणून गेला तर वयाबरोबर मृत्यूदर प्रत्येक दशकात सारख्याच पटीने वाढतो असं मॉडेल मानतं, आणि वरचे दर पाहिले तर तसं नाही.

दुरुस्तीनंतर गुणोत्तर १.४३, मँटेल-हेन्झेलच्या १.४२ ला खेटून. डेव्हियन्स १२.१३, मुक्तांश ४, पी ०.०१६. मॉडेल नीट बसत नाही, आणि न बसण्याचं कारण परवाच्याच तक्त्यात आहे: गुणोत्तर वयाप्रमाणे बदलतं. ज्युनियर म्हणाला, "ओव्हरडिस्पर्शन आहे, क्वासी-पॉयसन लावू." मी थांबवलं. इथे प्रत्येक डॉक्टर एकदाच मरतो, एका घटनेने दुसरी घडत नाही, त्यामुळे जादा पसारा येण्याचं मुख्य कारणच नाही. आधी वय आणि धूम्रपान यांचा एकत्रित परिणाम मॉडेलमध्ये घालायला हवा. मानक त्रुटी फुगवून खरा नमुना झाकायचा नाही. आमच्या कोहॉर्टमध्ये दवाखान्यात पुन्हा पुन्हा भरती होणंही मोजलं जाणार आहे, आणि एकच माणूस चार वेळा येऊ शकतो. तिथे मात्र अचूक पॉयसन इंटरव्हल फसवे अरुंद पडतील. त्या परिणामासाठी वेगळी फाइल करायची, या टेम्प्लेटमध्ये तो घुसवायचा नाही.

२७ जून

रिपोर्टमधलं नमुना वाक्य तिघांनी बसून पक्कं केलं:

"३५–४४ वयोगटात धूम्रपान न करणाऱ्यांत १८,७९० व्यक्ती-वर्षांत २ मृत्यू झाले, दर १,००० व्यक्ती-वर्षांमागे ०.११ (अचूक ९५% इंटरव्हल ०.०१ ते ०.३८), करणाऱ्यांत ५२,४०७ व्यक्ती-वर्षांत ३२, दर ०.६१ (०.४२ ते ०.८६). दरांचं गुणोत्तर ५.७४ (१.४६ ते ४९.४), फरक ०.५०."

मॅडमनी व्यक्ती-वर्षांचे आकडे काढून वाक्य छोटं करायला सांगितलं. मी नाही म्हटलं, थोडं ताणलं, शेवटी ते राहिले. घटना आणि भाजक छापलेले असतील तर बाकीचे सगळे आकडे वाचणाऱ्याला स्वतः काढून तपासता येतात. मग त्यांनी फोनवरच कॅल्क्युलेटर उघडून ३२ ला ५२,४०७ ने भागलं.

स्क्रिप्ट गोठवली. डेटा लॉक व्हायला अजून आठवडा आहे. उद्या पाच वर्षांच्या वयोगटांची सीमा तपासायची: ज्याचा ४५ वा वाढदिवस भेटीच्याच दिवशी येतो, तो दिवस कुठल्या खात्यात जातो.